सिलेक्टिव्ह, डिफरन्शियल आणि ‘नॉन-फर्मेंटर’

“मॅकॉन्की अगारला सिलेक्टिव्ह पण म्हणतात आणि डिफरन्शियल पण, मग हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि त्यावर बिनरंगाची कॉलनी आली तर तिला नुसतं ‘नॉन-फर्मेंटर’ म्हटलेलं चालतं का?”

पहिल्याचं उत्तर नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त एकाच प्लेटमधे बसवल्यात. दुसऱ्याचंही नाही, आणि तिथे जरा सविस्तर बोलावं लागेल कारण हा घोळ रिपोर्टपर्यंत जातो.

सिलेक्टिव्ह म्हणजे प्लेटवर कोण वाढणार ते ठरवणारं. मॅकॉन्कीत हे काम पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट करतात. नेहमीच्या फॉर्म्युल्यात लिटरला पित्तक्षार दीड ग्रॅम आणि क्रिस्टल व्हायोलेट फक्त एक मिलिग्रॅम असतं, पण ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरियांची वाढ थांबवायला एवढं पुरतं. ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून जास्तीचं आवरण असतं त्यामुळे ते यातून निभावतात, आणि आतड्यात राहणाऱ्यांना तर पित्ताची सवयच असते. डिफरन्शियल म्हणजे जे वाढले ते एकमेकांपासून वेगळे दिसावेत अशी सोय. ती लिटरला दहा ग्रॅम लॅक्टोज आणि न्यूट्रल रेड नावाचा रंग यांनी होते. आता लॅक्टोज कोणालाच अडवत नाही आणि क्रिस्टल व्हायोलेट कोणालाच वेगळं दाखवत नाही, म्हणजे घटक वेगळे, कामं वेगळी, म्हणून विशेषणंही दोन लागतात. ब्लड अगार घ्या, त्यावर जवळजवळ सगळेच वाढतात पण रक्तपेशी कोण फोडतो ते दिसतं, म्हणजे डिफरन्शियल आहे पण सिलेक्टिव्ह नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, सिलेक्टिव्ह म्हणजे मारणारं नव्हे, रोखणारं. ज्यांना वाढता आलं नाही ते कॉलनीच्या खाली-आजूबाजूला जिवंत पडून असू शकतात, म्हणून मॅकॉन्कीवरून सुटी दिसणारी कॉलनी उचलली तरी ती शुद्धच आहे असं धरू नये, पुढच्या टेस्ट लावायच्या आधी साध्या माध्यमावर पुन्हा स्ट्रीक करून घ्यावी.

आता रंग कसा येतो ते बघू. बॅक्टेरियाने लॅक्टोज फर्मेंट केलं की आम्ल तयार होतं, माध्यम सुरुवातीला साधारण ७.१ पीएचला असतं ते कॉलनीपाशी उतरतं, आणि ६.८ च्या खाली गेलं की न्यूट्रल रेड लालगुलाबी होतो. ई. कोलाय इतकं आम्ल करतो की पित्तक्षारसुद्धा साक्याच्या रूपात बाहेर पडतात आणि गुलाबी कॉलनीभोवती धुरकट गुलाबी वलय दिसतं. क्लेब्सिएलाही गुलाबीच येतो पण कॉलनी फुगलेली, चिकट. ज्यांना लॅक्टोज जमत नाही ते उपाशी राहत नाहीत, ते माध्यमातलं पेप्टोन खातात, त्यातून अमोनिया सुटतो, पीएच उलट थोडा वर जातो आणि कॉलनी बिनरंगाची नाहीतर फिकट पिवळसर दिसते. म्हणजे गुलाबी हा काही त्या बॅक्टेरियाचा स्वतःचा रंग नाही, तिथे आम्ल साठलं एवढंच तो सांगतो.

यातूनच दोन अडचणी येतात. गर्दीच्या भागात शेजारच्या ई. कोलायचं आम्ल पसरलं की मधली साल्मोनेला पण गुलाबीसर दिसते, म्हणून रंग फक्त सुट्या कॉलनीवरच वाचायचा, पहिल्या दाट रेघांमधे बघून काहीही ठरवायचं नाही. आणि वेळ. ३५ ते ३७ अंशाला १८ ते २४ तासांनी प्लेट वाचायची असते, दोन दिवस इन्क्युबेटरमधे राहिलेली प्लेट वेगळंच सांगू शकते, त्याचं उदाहरण खाली आहेच.

आता मूळ शब्दाकडे. बिनरंगाच्या कॉलनीला म्हणायचं ‘नॉन-लॅक्टोज फर्मेंटर’, लॅबमधे नुसतं एनएलएफ. ‘नॉन-फर्मेंटर’ हा शब्द मायक्रोबायॉलॉजीत आधीच दुसऱ्या गटाला दिलेला आहे, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर वगैरे, जे ग्लुकोजसुद्धा फर्मेंट करत नाहीत. साल्मोनेला ग्लुकोज व्यवस्थित फर्मेंट करते, फक्त लॅक्टोज नाही. मॅकॉन्कीवर साल्मोनेला एनएलएफ, स्यूडोमोनासही एनएलएफ, पण नॉन-फर्मेंटर त्यातला एकच. मधला ‘लॅक्टोज’ गाळला की दोन अगदी वेगळी कुळं एका शब्दात जातात. त्यांना वेगळं करायला ट्रिपल शुगर आयर्नची नळी लावतात: साल्मोनेलाने तळ पिवळा होतो कारण ग्लुकोज फर्मेंट झालं, वरचा उतार लालच राहतो, आणि स्यूडोमोनासने तळही लाल राहतो. सोबत ऑक्सिडेज टेस्ट केली तर स्यूडोमोनास पॉझिटिव्ह, साल्मोनेला निगेटिव्ह, फक्त ती टेस्ट गुलाबी कॉलनीवर करू नका, आम्लामुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

एनएलएफ हा शब्दसुद्धा वाटतो तितका पक्का नाही, याचं उत्तम उदाहरण म्हणजे शिगेला सॉनी. समजा जुलाबाच्या पेशंटचा मलाचा नमुना आहे. दुसऱ्या दिवशी प्लेटवर बऱ्याच गुलाबी कॉलनी दिसतात, त्या नेहमीच्या ई. कोलायच्या असणार, आणि मधे थोड्या बिनरंगाच्या. त्यातली एक उचलून पुढे नेली. नळीत तळ पिवळा, उतार लाल, गॅस नाही, हायड्रोजन सल्फाइडचा काळेपणा नाही, तपासलं तर हालचाल पण नाही, म्हणजे शिगेलाचा संशय. इकडे तीच मूळ प्लेट तशीच इन्क्युबेटरमधे राहिली आणि ४८ तासांनी बघितली तर त्याच कॉलनी गुलाबी व्हायला लागलेल्या असू शकतात. नवशिक्याला वाटतं प्लेटमधे काहीतरी मिसळलं. तसं नाहीये. लॅक्टोज वापरायला दोन गोष्टी लागतात, ते पेशीच्या आत आणणारं परमिएज आणि आत आल्यावर फोडणारं बीटा गॅलॅक्टोसिडेज. शिगेला सॉनीकडे फोडणारं एन्झाइम आहे, आत आणण्याची सोय तोकडी, त्यामुळे आम्ल उशिरा साठतं. याला लेट लॅक्टोज फर्मेंटर म्हणतात. खात्री करायची तर ओएनपीजी टेस्ट, त्यातलं रसायन परमिएजशिवायही आत शिरतं आणि एन्झाइमने फुटलं की पिवळा रंग येतो. शिगेला सॉनीत तो येतो, शिगेला फ्लेक्सनेरीत येत नाही. नक्की प्रजात अर्थात अँटिसीरमने ठरते.

त्यामुळे मी तर एनएलएफ लिहिताना तास पण लिहायला सांगेन, ‘२४ तासांनी एनएलएफ’ असं. आणि उलट बाजूने गुलाबी दिसलं म्हणून निर्धास्त पण होऊ नये, रक्ती जुलाब करणारा ई. कोलाय ओ१५७ लॅक्टोज छान फर्मेंट करतो आणि साध्या मॅकॉन्कीवर बाकीच्या ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो, त्याच्यासाठी लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल घातलेलं मॅकॉन्की वापरतात, कारण सॉर्बिटॉल त्याला २४ तासांत सहसा जमत नाही आणि तिथे तो बिनरंगाचा उठून दिसतो.