वर्गात कोणी चुकीचं बोललं तर शिक्षकाने लगेच चूक दाखवावी, की नुसतं बरोबर वाक्य बोलून पुढे जावं?

पुढे जाऊ नका. मी दोन वर्षं तेच केलं आणि त्याची किंमत माझ्या विद्यार्थ्याने मोजली.

पुण्यात मी हिंदीभाषक बँक कर्मचाऱ्यांना संध्याकाळी मराठी शिकवते. आमच्या तेव्हाच्या समन्वयक बाईंचा दंडक होता की चूक दाखवायची नाही, माणूस बोलायचा थांबतो. आपण शुद्ध रूप वापरायचं, ते आपोआप कानावर पडतं. यालाच रीकास्ट म्हणतात. कानपूरचे एक अधिकारी माझ्या वर्गात होते, भरभरून बोलायचे. ते म्हणायचे, "मी नवीन खाता उघडला." मी म्हणायचे, "हो का? तुम्ही नवीन खातं उघडलंत?" ते म्हणायचे, "हो, बचत खाता." आणि मी समाधानाने पुढच्या माणसाकडे वळायचे.

तीन महिन्यांनी ते वर्ग संपल्यावर थांबले. काउंटरवर एका आजींना त्यांनी "तुमचा खाता बंद झाला" असं सांगितलं होतं आणि आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अहो, खातं म्हणा, खातं." मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत." मी तर शेकडो वेळा सांगितलं होतं! पण त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

का पोचलं नाही, ते वरच्याच संवादात दिसतं. माझ्या वाक्यात "मी"चं "तुम्ही" झालं, "उघडला"चं "उघडलंत" झालं. इतकं बदललेलं असताना "खाता"चं "खातं" वेगळं ऐकू येणार कसं? त्यात मी प्रश्नाच्या सुरात बोलले, म्हणून त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. ही फक्त माझीच अडचण नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रीकास्ट होते आणि त्यांतल्या जेमतेम 31 टक्क्यांना मुलांनी काही प्रतिसाद दिला. उलट, शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून मुलाकडून रूप काढून घेतलं, तेव्हा प्रतिसाद दर वेळी आला.

त्यानंतर मी त्या अधिकाऱ्यांशी असं वागले. पहिल्या दिवशी सरळ सांगितलं: खातं, काम, घर, पत्र, पुस्तक हे सगळं मराठीत "ते", हिंदीत तिसरं लिंग नाही म्हणून तुम्ही चुकता. हिंदीत सोना, तांबा, खाता, तर मराठीत सोनं, तांबं, खातं, हे जोडून दाखवलं. जे माहीतच नाही ते माणसाकडून काढून घेता येत नाही, म्हणून नवीन गोष्टीला स्पष्ट दुरुस्तीच हवी. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र उत्तर देणं बंद केलं. ते "माझा काम" म्हणाले की मी फक्त विचारायचे, "काम, तो, ती की ते?" आणि गप्प बसायचे. उत्तर न देता असं काढून घेणं म्हणजे प्रॉम्प्ट. तीन-चार सेकंदांची ती शांतता शिक्षकालाच सोसत नाही, पण सोसायची. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच अडखळले: "तुमचा... तुमचं पत्र आलं." ही खूण. आता हा माणूस स्वतःचं बोलणं ऐकतोय.

प्रॉम्प्ट फसतो तेही ओळखता येतं. विद्यार्थी "माझा? माझी? माझं?" असं तुमच्या चेहऱ्याकडे बघत म्हणू लागला की तो अंदाज बांधतोय, तीन लिंगांत कधीतरी बरोबर लागणारच. तिथे थांबून सरळ सांगून टाका आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या नामावर विचारा.

रीकास्ट अगदीच टाकाऊ नाही. कोणी "शाला" म्हटलं आणि तुम्ही नुसतं "शाळा" म्हणालात, तर ते लगेच पकडलं जातं, कारण एकच शब्द आणि एकच फरक. उच्चार आणि शब्द यांसाठी तो चालतो, पण छोटा ठेवा आणि प्रश्नाचा सूर नको. आणि कोणी आईच्या आजारपणाबद्दल सांगत असेल तर लिंग वगैरे काही काढू नका, ऐका. अगदी नवख्या, घाबरलेल्या माणसालाही सगळ्यांसमोर प्रॉम्प्ट देत नाही मी.

पण "माणूस बोलायचा थांबतो" हे मला अजून पटलेलं नाही. ते अधिकारी माझ्या प्रॉम्प्टने थांबले नाहीत. आजींनी टोकल्यावर मात्र ते आठवडाभर काउंटरवर हिंदीतच बोलत होते.