ट्रकवाल्यावर लगेच गुन्हा, मग डॉक्टरवर का नाही?

"वकील साहेब, चार महिन्यांपूर्वी वडिलांचं (वय 61) तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं पण दुसऱ्या रात्री 11 ला त्यांना दम लागायला लागला. सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला, ते फोनवरच औषध सांगत राहिले आणि साडेबाराला आले, तोपर्यंत वडील गेले होते. पीएम केलं नाही, आम्ही तेव्हा भानावरच नव्हतो. आता पोलीस म्हणतात आधी सिव्हिल सर्जनचा रिपोर्ट येऊ दे मग एफआयआर बघू. ट्रकने माणूस उडवला तर लगेच गुन्हा दाखल होतो, मग डॉक्टरसाठी वेगळा कायदा आहे का?"

वेगळा कायदा नाही, पण तोच कायदा डॉक्टरला लावताना कोर्टाने उंबरठा उंच केलाय, आणि त्यामुळे पोलीस तुम्हाला टोलवतायत असं वाटलं तरी रिपोर्ट मागण्यात ते चुकत नाहीयेत. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या ललिता कुमारी निकालात ज्या मोजक्या प्रकारांत एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशी चालते असं म्हटलंय त्यात वैद्यकीय हलगर्जीपणा आहे.

उंबरठा कुठून आला ते सांगतो कारण ती केस तुमच्या केसच्या फार जवळची आहे. 1995 साली लुधियानाच्या एका हॉस्पिटलात रात्री 11 च्या सुमाराला एका पेशंटला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, मुलगा धावत नर्सकडे गेला, डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली, आल्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर लावला तर तो रिकामा! मुलाने स्वतः शेजारच्या खोलीतून दुसरा ओढत आणला, तो चालू करायची सोय नव्हती, त्यात आणखी पाच-सात मिनिटं गेली आणि पेशंट गेला. आता हे वाचून कोणालाही वाटेल की याहून मोठा हलगर्जीपणा काय असणार. तरी 2005 मध्ये जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांवरची फौजदारी केस रद्द केली. का, तर डॉक्टर क्वालिफाइड होते, त्यांनी चुकीचं काही केलं असा आरोपच नव्हता, आरोप होता सिलिंडर रिकामा असल्याचा आणि तो हॉस्पिटलच्या व्यवस्थेचा दोष. त्यासाठी हॉस्पिटलकडून नुकसानभरपाई मागता येईल किंवा येणारही नाही, पण डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येणार नाही.

त्या निकालाचं सार असं की साधा हलगर्जीपणा झाला तर पैसे द्यावे लागतात, पण गुन्हा व्हायचा तर तो ढोबळ, म्हणजे फारच टोकाचा पाहिजे. त्या परिस्थितीत भानावर असलेला कुठलाही साधारण डॉक्टर जे करणार नाही ते याने केलं किंवा जे तो केल्याशिवाय राहणार नाही ते याने केलं नाही, इतका. कारणही कोर्टाने सांगितलंय, पेशंट आधीच धोक्यात असतो, डॉक्टरला मिनिटभरात निर्णय घ्यावा लागतो, आणि पेशंट दगावला की जेल हे डोक्यात ठेवून सर्जन उभा राहिला तर त्याचा हात थरथरणार, त्याचा तोटा पुढच्या पेशंटला. मला स्वतःला हे पटतं, फक्त लुधियानाच्या त्या मुलाला हे कसं पटलं असेल हा विचार काही डोक्यातून जात नाही.

गुन्हा झाला असंही उदाहरण आहे बरं का. 1964-65 च्या जुग्गन खान केसमध्ये एका होमिओपॅथने नारूच्या पेशंटला धोत्र्यापासून बनवलेलं औषध आणि वर धोत्र्याचं पान दिलं, परिणाम काय होईल ते तपासलंच नाही, बाई गेली आणि सुप्रीम कोर्टाने खुनाचा आरोप काढला तरी बेपर्वाईने मृत्यू घडवल्याबद्दल त्याला दोषी धरलं. चुकीचा अंदाज आणि बेपर्वाई यातला फरक हाच.

आता तुमच्या केसकडे. दीड तास डॉक्टर आले नाहीत एवढ्यावर केस उभी राहत नाही, त्या दीड तासात त्यांना काय माहीत होतं यावर राहते. समजा सिस्टरने 11.10 ला सांगितलं की रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 92 आहे, त्यांनी ऑक्सिजन लावा, ईसीजी काढा, येतोच म्हटलं आणि यायला उशीर झाला, तर हा फार तर नुकसानभरपाईचा मामला. पण समजा 11.10 ला 84, 11.40 ला 76, सिस्टरने तीनदा फोन करून "सर या, पेशंट जातोय" म्हटलं, तरी ते घरून हलले नाहीत आणि दुसऱ्या डॉक्टरलाही पाठवलं नाही, तर गोष्ट वेगळी, धोका कळूनही हातावर हात ठेवून बसणं याला ढोबळ म्हणता येतं. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, खरे आकडे केस पेपरमध्ये असतील.

म्हणून आधी इनडोअर केस पेपर, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट, सगळ्याच्या नकला लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. अर्ज दिल्यापासून 72 तासांत द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. हातात आल्यावर नर्सची वेळ आणि डॉक्टरची वेळ जुळते का बघा, एकाच पेनने एका दमात लिहिल्यासारखं दिसतंय का, खाडाखोड आहे का. सिस्टरचे फोन किती वाजता गेले ते डॉक्टरच्या कॉल रेकॉर्डवरून कळेल, ते पोलीस मागवतील, आत्ताच लेखी मागणी करून ठेवा कारण कंपन्या ते कायमचं ठेवत नाहीत.

अडचण खरी पीएम न झाल्याची आहे, हे गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही. फौजदारीत मृत्यू थेट त्या हलगर्जीपणामुळेच झाला हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. डेथ सर्टिफिकेटवर कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त हृदय आणि श्वास थांबला, तो का थांबला ते त्यात नसतंच. समोरचा वकील सांगणार की पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन बसली, ऑपरेशननंतर असं होतं, डॉक्टर शेजारी असते तरी वाचवता आलं नसतं, आणि ते खोडायला पीएम नाही.

त्यामुळे सिव्हिल सर्जनच्या समितीपुढे नुसती "डॉक्टरांनी मारलं" अशी तक्रार देऊ नका, प्रश्न लिहून द्या. त्या वेळच्या आकड्यांवर डॉक्टरने प्रत्यक्ष येणं गरजेचं होतं का, फोनवर सांगितलेलं औषध त्या स्थितीला योग्य होतं का, वेळेत मोठ्या हॉस्पिटलला हलवता आलं असतं का. डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात लिहीत नाही असं सगळे म्हणतात, थोडं खरंही आहे, पण रिपोर्ट तुमच्या विरोधात गेला तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सर्जन किंवा भूलतज्ज्ञाचं लेखी मत घेऊन मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करता येते. तसं मत जोडलं नाही तर कोर्टाने तक्रार घेऊ नये असं जेकब मॅथ्यूतच लिहिलंय.

आणि ग्राहक आयोग सोडू नका, मुदत दोन वर्षं. तिथे संशयापलीकडे पुरावा लागत नाही, हॉस्पिटललाही पक्षकार करता येतं, रात्री ड्युटी डॉक्टर का नव्हता हा प्रश्न तिथेच जास्त जोरात विचारता येईल. कोलकात्याच्या अनुराधा साहा या पेशंटच्या मृत्यूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये डॉक्टरांना फौजदारीतून निर्दोष ठेवलं आणि त्याच मृत्यूसाठी 2013 मध्ये सुमारे 6 कोटींची भरपाई मंजूर केली. फौजदारीला नवीन न्याय संहितेचं कलम 106 लागेल, नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं, इतरांना पाच, आणि तक्रारीची मुदत तीन वर्षं, म्हणजे घाई करायची ती कागदांची. सोमवारी अर्ज टाका, नकला आल्या की नर्सिंग चार्टचं त्या रात्रीचं पान आधी पाठवा मला, बाकीचं नंतर बघू.