गणिताच्या एका उत्तराची फेरतपासणी : मॅडमना पत्र कसं लिहावं

प्रश्न : दहावीच्या पूर्व परीक्षेचा गणित भाग 1 चा पेपर परत मिळालाय. ‘1 व 140 यांच्या दरम्यान 4 ने भाग जाणाऱ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज काढा’ याला मला 3 पैकी 1 गुण आहे. मी 4(1 + 2 + … + 34) करून 2380 काढलं, शिकवलेलं सूत्र नाही वापरलं. 34 कसे आले ते समासात कच्च्या कामात आहे. मॅडमना पत्र लिहायचंय, पण उलट बोलल्यासारखं वाटायला नको. (सोलापूर)

उत्तर :

तुझी रीत बरोबर आहे आणि उत्तरही. 4, 8, 12 … 136 या सगळ्यांतून 4 बाहेर काढले की आत 1 ते 34 उरतात, त्यांची बेरीज 34 × 35 ÷ 2 म्हणजे 595, आणि 595 × 4 = 2380. अंकगणिती श्रेढीच्या सूत्रानेही हेच येतं.

तरी पत्र लिहिण्याआधी प्रश्नपत्रिका पुन्हा वाच. ‘सूत्राचा वापर करून’ असं छापलेलं असेल तर गुण कापणं योग्यच आहे, मग पत्र नको. तसं नसेल तर विचारायला काहीच हरकत नाही.

आता 1 च गुण का मिळाला असेल ते बघू. या गणितात तपासणारा साधारण तीन गोष्टी शोधतो : क्रम ओळखला का, पदं किती ते काढलं का, बेरीज बरोबर आहे का. त्यातली मधली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. 140 लाही 4 ने भाग जातो, पण ‘दरम्यान’ म्हटल्यामुळे तो धरायचा नाही. ज्यांनी धरला त्यांची पदं 35 झाली आणि उत्तर 2520 आलं. म्हणजे 34 कुठून आले, हे मॅडमना उत्तरात दिसायला हवं होतं. तुझी 136 ÷ 4 = 34 ही ओळ कच्च्या कामात राहिली, आणि गठ्ठा तपासताना समासाकडे नजर जाईलच असं नाही. माझा अंदाज, गुण तिथे गेले. पत्राचा सगळा भर म्हणूनच त्या ओळीवर असू दे. ‘माझं उत्तर बरोबर आहे, दोन गुण वाढवा’ असं लिहिलंस तर मॅडमना फक्त मागणी दिसेल. ओळ कुठे आहे ते सांगितलंस तर त्या पान उघडून बघतील.

साधारण असं लिही :

प्रति,
आदरणीय गणित शिक्षिका,
इयत्ता दहावी

विषय : गणित भाग 1, प्रश्न 3 (ब) मधील एका उत्तराच्या फेरतपासणीबाबत.

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम. पूर्व परीक्षेतील माझ्या उत्तरपत्रिकेत पान 7 वरील दुसऱ्या उपप्रश्नाला 3 पैकी 1 गुण मिळाला आहे. मी सर्व संख्यांतून 4 सामाईक काढून 4(1 + 2 + … + 34) अशी मांडणी केली आहे व उत्तर 2380 काढले आहे. 34 ही पदसंख्या 136 ÷ 4 वरून घेतली असून ती पायरी त्याच पानाच्या समासात कच्च्या कामात आहे.
ही रीत वर्गात घेतलेल्या सूत्रापेक्षा वेगळी आहे. ती ग्राह्य धरता येईल का, हे कृपया एकदा पाहावे. लेखनात काही अपुरे राहिले असल्यास तेही दाखवावे, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत मी ती पायरी पूर्ण लिहीन. उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, तुकडी, हजेरी क्रमांक)

प्रश्न क्रमांक आणि पान तुझ्या पेपरप्रमाणे बदल. ‘सूत्र मला येत होतं’, ‘मैत्रिणीला याच उत्तराला पूर्ण गुण आहेत’ असलं काही घालू नकोस. मैत्रिणीचा पेपर मध्ये आणला की तिचेच गुण धोक्यात येतात, आणि मॅडमना तुलना केल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट फार जपून कर. परत मिळालेल्या उत्तरपत्रिकेवर पेनच काय, पेन्सिलही टेकवायची नाही. कच्च्या कामातली ती ओळ गिरवून ठळक केलीस तरी ती नंतर लिहिली अशी शंका येईल, आणि मग खरी बाजूही लंगडी पडते. दाखवायचंच असेल तर झेरॉक्स काढून त्यावर गोल कर आणि मूळ पेपर जसाच्या तसा दे.

पत्र वर्ग चालू असताना सगळ्यांसमोर देऊ नकोस. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत जा, ‘मॅडम, सवडीनं बघाल का?’ एवढंच म्हण आणि ये. मात्र उशीर करू नको. गड्डा यात्रेची सुट्टी झाली की बघू, असं म्हणत राहिलीस आणि तेवढ्यात गुण निकालपत्रकात चढले, तर बदलायला मॅडमनाही अवघड जातं.

हे सगळं शाळेच्या परीक्षेपुरतं आहे. बोर्डाच्या निकालानंतर असं पत्र चालत नाही. तिथे आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि मग पुनर्मूल्यांकनाचा शुल्कासह अर्ज.

मॅडमनी एकच गुण वाढवला आणि ‘पदसंख्या मुख्य उत्तरात नाही’ असं सांगितलं, तर तो निर्णय मान्य कर. त्यांचं म्हणणं रास्त असेल.