कापूस वेचणाऱ्या बायका, १४ मुलाखती आणि रिव्ह्यूअरचे दोन प्रश्न

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या १४ बायकांच्या मुलाखती घेऊन पेपर लिहिलाय. रिव्ह्यूअर म्हणतो थीम कशा काढल्या ते कळत नाही, आणि १४ जणी पुरेशा कशावरून? मी फक्त 'सॅच्युरेशन आलं', म्हणजे मुलाखतींतून आता नवं काही येत नाही, असं लिहिलं होतं. आता काय उत्तर देऊ?

ताई, रिव्ह्यूअर वाकड्यात शिरलाय असं धरू नका, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी थीमचं बघू. आपल्याकडच्या बऱ्याच पेपरात 'मजुरी', 'आरोग्य', 'कुटुंब' अशा थीम असतात, आता हे तर मुलाखतीच्या प्रश्नावलीतलेच मथळे झाले ना, ते काढायला मुलाखत घ्यायची गरजच नव्हती! थीम म्हणजे तुम्ही डेटाबद्दल काहीतरी म्हणताय असं वाक्य पाहिजे. समजा एक बाई म्हणाली, "काटा मालकाचा, आम्ही निस्ता आकडा ऐकतो." याला कोड द्या 'वजन स्वतः दिसत नाही'. दुसरी म्हणाली कापूस ओला आहे म्हणून गाठोड्यामागे दोन किलो कापतात, तिथे कोड 'घट कोण ठरवतं'. तिसरी म्हणते हिशोब आठवड्याने होतो, तोवर आकडे डोक्यात ठेवायचे. आता हे तीन कोड शेजारी ठेवले की दिसतं, किलोवर मिळणारी मजुरी वेचण्यात ठरतच नाही, मोजण्यात ठरते. ही झाली थीम. पेपरात निदान एका थीमसाठी तरी बाईचं वाक्य, कोड, थीम अशी पूर्ण साखळी तक्त्यात दाखवा. आणि जिचं म्हणणं यात बसत नाही, म्हणजे 'आमचा काटा बरोबर असतो' म्हणणारी एखादी असेल, तर तिला लपवू नका, ती मुकादमाच्या नात्यातली आहे की तिथे काटाच सगळ्यांसमोर असतो ते बघा, थीम त्यानेच पक्की होते.

रिव्ह्यूअरने दोन कोडरमधला कप्पा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा आकडा, मागितला तर आधी स्वतःला विचारा की कोडबुक आधी ठरवून दोघांनी वेगवेगळं कोडिंग केलं होतं का. केलं असेल तर द्या. ब्राउन आणि क्लार्कच्या रिफ्लेक्सिव्ह पद्धतीने, म्हणजे जिथे संशोधकाची स्वतःची नजर हाच अर्थ लावण्याचा भाग धरतात, केलं असेल तर तिथे कप्प्याला अर्थच नाही, तसं सरळ लिहा, मागाहून कुणाला तरी बसवून आकडा काढू नका.

आता १४ चं. लोक २००६ चा गेस्ट, बन्स आणि जॉन्सनचा पेपर पुढे करतात आणि म्हणतात १२ पुरतात. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि बहुतेक कोड पहिल्या १२ मध्येच आले, हे खरं. पण गट बराच एकसारखा होता, प्रश्नही सगळ्यांना सारखेच होते, आणि हे लेखकांनी स्वतःच सांगितलंय. म्हणून नुसता १२ चा दाखला देऊन भागत नाही, तुमच्या डेटात काय झालं ते दाखवावं लागतं.

त्याची सोपी रीत गेस्ट, नेमी आणि चेन यांनी २०२० मध्ये दिली. पहिल्या चार मुलाखतींत किती वेगळे कोड आले ते मोजा, समजा ३०, हा झाला पाया. मग पुढच्या दोन-दोन मुलाखतींत नवे किती आले ते बघा. ५-६ मध्ये ६ नवे, म्हणजे २० टक्के. ७-८ मध्ये ३, म्हणजे १० टक्के. ९-१० मध्ये एकच, साधारण ३ टक्के. ५ टक्क्यांच्या खाली आलं की नवं फारसं येत नाही म्हणायला आधार मिळतो.

पण खरी गोम इथेच आहे, तक्ता सपाट झाला म्हणजे सगळ्यांचं ऐकून झालं असं नाही, एकाच मुकादमाच्या टोळीतल्या बायका घेतल्या तर तो लवकर सपाट होणारच ना! तुमच्या १४ मध्ये गावातल्या किती आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून येऊन शेतावरच मुक्काम करणाऱ्या किती? समजा १२ गावातल्या आणि ११ वी नि १३ वी पाड्यावरची. आणि नेमके त्या दोघींकडूनच उचल, झोपडीची जागा, पोरांची सुटलेली शाळा असे चार नवे कोड आले, तर गावातल्यांचं ऐकून झालंय, पाड्यावरच्यांचं आत्ता कुठे सुरू झालंय. बरं, त्याच दोघी पहिल्या चारात असत्या तर हे कोड पायाच्या आकड्यातच जिरले असते आणि तक्ता छान सपाट दिसला असता. म्हणून दोन्ही गटांचे तक्ते वेगळे करा, मुलाखती कोणत्या क्रमाने झाल्या तेही लिहा.

तक्ते केल्यावर पाड्यावरच्या दोनच निघाल्या तर दोन रस्ते आहेत. वेचणी चालू असेल तर दुसऱ्या मुकादमाकडून अशा चार-पाच जणी अजून गाठा, शक्यतो हिशोबाच्या दिवशी नको, त्या दिवशी मालक जवळपास असतो आणि कुणी तोंड उघडत नाही. हंगाम संपला असेल तर पेपराचं शीर्षकच 'गावात राहणाऱ्या वेचणी मजूर स्त्रिया' असं करा, त्या दोघींच्या मुलाखती वेगळ्या परिच्छेदात द्या, आणि 'सॅच्युरेशन आलं' हे वाक्य काढून तिथे तक्ता टाका.