एव्हरीवन हॅज... देअर?

प्रश्न : मुलीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर अंब्रेला’ या वाक्याचा गुण कापला. ‘हिज’ हवं म्हणे. क्रियापद एकवचनी, मग ‘देअर’ चालतं की नाही?

चालतं. क्रियापदाचा नियम मात्र पक्का आहे. एव्हरीवन, समबडी, एनीवन, नोबडी या सगळ्यांच्या पोटात ‘वन’ किंवा ‘बडी’ बसलेलं असतं, म्हणून ‘हॅज’, ‘इज’, ‘वॉज’. ‘एव्हरीवन हॅव’ ही चूकच. पण पुढे येणारं सर्वनाम शब्दाच्या रूपापेक्षा अर्थाकडे बघतं, आणि एव्हरीवनचा अर्थ ‘सगळे’ असा असतो.

पटत नसेल तर ‘एव्हरीवन इज हिअर’ला शेपटीचा प्रश्न जोडून बघा. ‘आरन्ट दे?’ असंच येतं. ‘इझन्ट ही?’ असं इंग्रज माणूस म्हणणार नाही. एकाच वाक्यात इज आणि आर! किंवा ‘एव्हरीबडी केम इन अँड देन दे सॅट डाउन’ घ्या. इथे ‘ही’ घातलं तर सगळे आत आले आणि बसला एकच, तोही दुसराच कोणी.

समबडीचं थोडं वेगळं, कारण तिथे माणूस खरोखर एकच असतो. ‘समबडी हॅज लेफ्ट देअर बॅग’ म्हणताना बॅग बाईची की पुरुषाची हे ठाऊक नसतं, म्हणून ‘देअर’. हा वापर चौदाव्या शतकापासून सापडतो. ‘हिज’चा आग्रह व्याकरणकारांनी अठराव्या शतकात धरला, आणि 1850 साली ब्रिटिश संसदेने कायद्यांपुरतं ठरवूनच टाकलं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही आल्या. आपल्या 1897च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 13 मध्ये तेच आहे.

आपल्याला हा पेच जाणवत नाही, कारण मराठी तो शिताफीने टाळते. ‘प्रत्येकाने आपापली छत्री आणली.’ इथे ‘आपापली’ आणि ‘आणली’ दोन्ही छत्रीमागे जातात. आणणाऱ्याचं लिंग त्यांत उघडं पडत नाही. दारावर थाप पडली की ‘कोणीतरी आलंय’, थेट नपुंसकलिंग. इंग्रजीकडे ‘आपला’ नाही आणि माणसाला ‘इट’ म्हणता येत नाही, म्हणून तिने ‘दे’ला राबवलं.

माणूस एकच असला तरी ‘दे’पुढे क्रियापद अनेकवचनीच लागतं: ‘समबडी इज ॲट द डोअर, दे आर वेटिंग’. ‘दे इज’ नाही. ‘सर आले आहेत’ म्हणताना सर कुठे दोन असतात!

2019 साली एपीए या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या लेखन-नियमावलीनेही सातव्या आवृत्तीत हे एकवचनी ‘दे’ स्वीकारलं. तरी परीक्षेत जुन्या वळणाच्या परीक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मुलीला ‘ऑल द गर्ल्स हॅव ब्रॉट देअर अंब्रेलाज’ लिहायला सांगा, तिथे कुणालाच हरकत घेता येणार नाही. रिकामी जागाच भरायची असेल आणि पर्यायांत ‘देअर’ नसेल, तर मुकाट ‘हिज’.