वीस रुपये आणि एकवीस हजार

*मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे, वय ५५. बँकेत ५ लाखांची ३ वर्षांची मुदत ठेव आहे, ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. २ वर्षं १० महिने झाले आहेत. बँकेतल्याच रिलेशनशिप मॅनेजरने एक गॅरंटीड विमा योजना सुचवली आहे : वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, १५ वर्षांनी १७ लाख, म्हणजे ७० टक्के फायदा. ती या महिन्याअखेर बंद होणार म्हणून ठेव मोडतोय, फॉर्म भरलाय, चेक द्यायचा आहे. ठेवीचे ५,८७,८०० येतील असं बँक म्हणते. भाच्याने एक्सेलवर घातांकात २ वर्षं १० महिने घालून ६,०८,६४० काढले. विचारलं तर कळलं की शेवटच्या अपुऱ्या तिमाहीला बँक साधं व्याज लावते, चक्रवाढ नाही. यात माझं एवढं नुकसान होत असेल तर तक्रार कुठे करू?*

सर, तक्रार करू नका. आणि चेकही देऊ नका. चेकचं नंतर सांगते.

भाच्याचं गणित बरोबर आहे. बँक अपुऱ्या तिमाहीला साधं व्याज लावते हेही खरं. पण त्यात तुमचं नुकसान होत नाही, उलट थोडा फायदाच होतो. ऐकायला विचित्र वाटेल, कारण चक्रवाढ म्हणजे जास्त आणि साधं म्हणजे कमी हे आपण सातवी-आठवीपासून घोकलेलं असतं. व्याज मुद्दलात मिसळण्याच्या पूर्ण मुदतींसाठी ते खरं आहे. अशा एका मुदतीच्या आतल्या तुकड्यासाठी नेमकं उलटं होतं.

एक लाख रुपये, ७ टक्के, वर्षातून एकदाच व्याज, असं साधं उदाहरण घ्या. वर्षाअखेर १,०७,००० होणार हे दोन्ही पद्धतींत ठरलेलं. भांडण फक्त अधल्यामधल्या दिवसांचं आहे. साध्या व्याजाने सहा महिन्यांचे सरळ निम्मे, म्हणजे ३,५०० धरले जातात. घातांकाच्या पद्धतीत पहिल्या सहामाहीचं व्याज दुसऱ्या सहामाहीत स्वतः व्याज कमावतं. एकूण तर ७,००० च व्हायला हवेत, म्हणून पहिल्या सहामाहीच्या वाट्याला कमी येतं : ३,४४१. दुसरीच्या वाट्याला ३,५५९. सहाव्या महिन्याला पैसे काढणाऱ्याला साध्या व्याजाने ५९ रुपये जास्त मिळतात. हा फरक वर्षाच्या मध्यावर सगळ्यात मोठा असतो आणि दोन्ही टोकांना शून्य होतो.

तुमच्या ठेवीत व्याज मिसळण्याची ही मुदत वर्षाची नाही, तिमाहीची आहे. तुकडा जितका लहान, तितका हा फरकही किरकोळ. २ वर्षं १० महिने म्हणजे ११ पूर्ण तिमाह्या आणि वर एक महिना. तिमाहीला पावणेदोन टक्के, ११ वेळा चक्रवाढ : ५ लाखांचे ६,०५,१३०. इथपर्यंत बँक आणि भाचा यांचं एकमत आहे. उरलेल्या महिन्याचे साध्या व्याजाने ३,५३०, घातांकाने ३,५१०. फरक वीस रुपयांचा, आणि तो तुमच्या बाजूने.

बँका खरं तर महिनाही मोजत नाहीत, दिवस मोजतात आणि साधारणपणे ३६५ ने भागतात. तो उरलेला महिना ३० दिवसांचा निघाला तर ३,४८२ रुपये आणि ३१ चा निघाला तर ३,५९८. म्हणजे कुठल्या सूत्राने मोजलं यापेक्षा मधे कुठला महिना आला यानेच जास्त फरक पडतो.

साधं व्याज बोचतं ते तुकडा अशा एका पूर्ण मुदतीपेक्षा मोठा असेल तेव्हा. बँकेने सगळेच्या सगळे ३४ महिने साध्या व्याजाने मोजले असते तर तुम्हाला ५,९९,१६७ मिळाले असते, म्हणजे साडेनऊ हजार कमी. तेव्हा मीच तक्रारीचा मसुदा लिहून दिला असता. कुणी साधं व्याज लावलं की एवढंच विचारायचं, किती दिवसांवर? तिमाहीपेक्षा कमी असतील तर चहा प्या आणि घरी जा.

मग २०,८४० रुपये गेले कुठे?

५,८७,८०० वरून उलटं मोजलं. हा आकडा ७ टक्क्यांतून येतच नाही, ५.७५ टक्क्यांतून येतो. ११ तिमाह्यांनी ५,८४,९९८, वर एका महिन्याचे २,८०३, बेरीज ५,८७,८०१. मुदतीआधी ठेव मोडली की बँक तुम्हाला ठरलेला दर देत नाही. ठेव प्रत्यक्षात जितका काळ राहिली, तितक्या काळासाठी ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता तो धरते आणि त्यातून दंड कापते. तुमच्या बाबतीत २ ते ३ वर्षांच्या ठेवींचा दर ६.७५ असावा आणि दंड १ टक्का. पावतीच्या मागच्या अटींत दंड सापडेल, त्या दिवशीचा दरतक्ता शाखेत मागा. आणि हा कमी दर शेवटच्या महिन्यालाच नाही, पहिल्या दिवसापासूनच्या ३४ महिन्यांना लागतो. सर, शेवटच्या महिन्यावर बोट ठेवून तुम्ही वीस रुपयांचा हिशेब मागत होतात, आणि एकवीस हजार सगळ्या ३४ महिन्यांतून निघून चालले होते.

आता दोन महिने थांबा. १२ तिमाह्या पूर्ण झाल्या की ६,१५,७२० हातात येतील. आज ५,८७,८००. म्हणजे दोन महिने काहीही न करण्याचे जवळपास २८ हजार, रोजचे साडेचारशेहून जास्त. (टीडीएस मी बाजूला ठेवला आहे, तो दोन्हीकडे लागेल.) घरात खरीच काही नड असती, तरी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मिळाला असता. ठेवीच्या दरावर १ टक्का जास्त धरला तरी लाखाला दोन महिन्यांचे १,३३३ रुपये पडतात. हे तुम्हाला त्या मॅनेजरने सांगायला हवं होतं. ज्या टेबलावर ठेव मोडली जाते त्याच टेबलावर विमा विकला जातो आणि विम्यावर कमिशन असतं, ओव्हरड्राफ्टवर नसतं. यापेक्षा जास्त खुलासा मला लागत नाही.

राहिली योजना. ‘७० टक्के फायदा’ हे वाक्य ज्याने तुम्हाला ऐकवलं त्याने ते किती वर्षांत हे हळूच गिळलं. पहिला लाख १५ वर्षं राबतो, दहावा ६ वर्षं. सरासरी साडेदहा वर्षं. साडेदहा वर्षांत १ चे १.७ व्हायला कोणता दर लागतो? ५ टक्के धरून पाहू : १० वर्षांत १.६३, उरलेल्या अर्ध्या वर्षाचे साध्या व्याजाने अडीच टक्के, झाले १.६७. (इथेही तोच शॉर्टकट वापरला, आणि घातांकाने काढलं तरी १.६७ च येतं.) म्हणजे तुमच्या गॅरंटीड योजनेचा दर पाचाच्या जरासा वर आहे. ७ टक्क्यांची ठेव दंड भरून मोडायची आणि १५ वर्षांसाठी ५ टक्क्यांत अडकायचं. वर्गात एखाद्या मुलाने असं गणित मांडलं असतं तर तुम्ही त्याला फळ्यापाशी बोलावलं असतं.

‘पण ते करमुक्त आहे’ असं मॅनेजर म्हणेल. म्हणू द्या. पीपीएफचं व्याजही करमुक्त आहे. सध्याचा दर ७.१ टक्के. हेच १ लाख १० वर्षं तिथे भरले, पुढची पाच वर्षं खातं चालू ठेवण्यापुरते वर्षाला ५०० टाकले आणि दर असाच राहिला, तर पंधराव्या वर्षी २१ लाखांच्या आसपास होतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो खाली येऊ शकतो. तरी १७ पर्यंत उतरायला बराच पडावा लागेल. मधे अडचण आली तर काही वर्षांनी थोडी रक्कम काढताही येते. विमा पॉलिसी मधेच सोडायला गेलात तर काय परत मिळतं ते त्याच मॅनेजरला लेखी विचारा, आकडा वर्षावार मागा.

आणि हे विचारायला हवंच, कारण तुम्ही ५५ चे आहात. शाळेतून ५८ ला निवृत्त व्हाल. हप्ते ६४ पर्यंत आहेत. दहापैकी सहा-सात हप्ते पगार बंद झाल्यावर भरायचे. त्याचा विचार पत्रात एका ओळीतही दिसला नाही, म्हणून मला या पत्रात ठेवीपेक्षा ही पॉलिसी जास्त धोक्याची वाटते. विमा कशासाठी हवा होता तेही तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नकोच होता.

फॉर्म भरला म्हणजे बांधले गेलात असं नाही. चेक दिला नाही की प्रकरण तिथेच संपतं. पत्र छापून येईपर्यंत पैसे गेलेच असतील तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री-लुक म्हणतात. त्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचं परत येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘योजना महिनाअखेर बंद होतेय’ हे दर मार्चला आणि एरवीही दर महिन्याला ऐकू येतं. बंद झाली तर होऊ द्या.

पीपीएफ उघडलंत तर वर्षाचे पैसे ५ एप्रिलच्या आत भरा. तिथे प्रत्येक महिन्याचं व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात आणि वर्षाअखेर एकदम जमा करतात. वर्षाच्या आत तिथेही साधंच व्याज असतं. ६ तारखेला लाख भरलेत तर त्या महिन्याचे ५९२ रुपये गेले. तुमच्या वीस रुपयांपेक्षा हा तुकडा सांभाळण्यासारखा आहे.

उद्या शाखेत गेलात की आणखी एक बघा : पावतीवर ‘ऑटो रिन्यूअल’ आहे का. असेल तर आत्ताच बदलून रक्कम बचत खात्यात जमा करायला लेखी सांगा. नाहीतर मुदत संपल्या दिवशी ठेव पुन्हा ३ वर्षांसाठी लागेल, आणि ती मोडायला गेलात की पुन्हा दंड.