आधी काटापावती, मग पत्र

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा लातूरच्या डाळमिलच्या मालक भावांना, लेखापरीक्षणात आपल्याला दिसलेल्या अंतर्गत नियंत्रणांतल्या कमतरतेचे पत्र देऊन परत आल्यावर तू फोनवर एकच वाक्य तीनदा बोललीस, "सर, त्यांनी विचारले, आमच्या मुनीमजींनी पैसे खाल्ले असे तुमचे म्हणणे आहे का, आणि मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना." थोरल्या भावाने पत्र घडी घालून खिशात ठेवले, धाकट्याने चहा मागवला, आणि ज्या संचालिका आहेत त्या त्यांच्या आई एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात तुला पुन्हा जायचे आहे म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिली चूक तुझी नाही, आपल्या मसुद्याची आहे, आणि त्यावर सही माझी आहे. "खरेदी प्रक्रियेत कर्तव्यांचे पुरेसे विभाजन आढळले नाही" हे वाक्य आपल्या व्यवसायात बरोबर असले तरी मिलच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्यातून फक्त एक चेहरा दिसतो, आणि तो चेहरा त्यांच्या वडिलांच्या काळापासून चाव्या सांभाळणाऱ्या मुनीमजींचा असतो. म्हणून माझे सांगणे एकच आहे, ते या पत्रात पुन्हा पुन्हा येईल आणि त्याचा तुला कंटाळा आला तरी चालेल: आधी काटापावती, मग पत्र. पत्र बॅगेतच राहू दे. टेबलावर त्यांचीच एक पावती ठेव आणि तिचा फाटकापासून बँकेपर्यंतचा प्रवास त्यांच्याकडूनच वदवून घे.

आपल्या नमुन्यातली ती फेब्रुवारीची पावती घे. भरलेल्या गाडीचे वजन 15,480 किलो, रिकाम्या गाडीचे 5,260, म्हणजे निव्वळ तूर 10,220 किलो, अर्थात 102.20 क्विंटल. पावतीच्या मागे हमालाने पेन्सिलने ओलावा 14 टक्के लिहिला आहे. मिलचा स्वतःचा नियम 12 टक्क्यांचा आहे आणि वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनात एक टक्का कटती धरतात. त्या हिशेबाने 2.044 क्विंटल कमी धरायला हवे होते. दर 7,000 रुपये होता, म्हणजे 14,308 रुपये. बिल मात्र पूर्ण 102.20 क्विंटलचे झाले आणि पैसेही पूर्ण गेले. आता मालकांना विचार की हे वजन कोणी नोंदवले, दर कोणी घातला, कटती सोडायची हे कोणी ठरवले, बिल कोणी केले, बँकेतून पैसे पाठवताना रक्कम कोणी भरली, मंजुरीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर आला, आणि महिनाअखेर बँकेचा ताळमेळ कोणी जुळवला. काट्यावरचा मुलगा सोडला तर प्रत्येक उत्तर "मुनीमजी" असेच येईल, आणि ओटीपीचा मोबाइल थोरल्या भावाचा असला तरी तो दुपारभर मुनीमजींच्या गल्ल्यावर पडलेला असतो, हे तू स्वतः पाहिले आहेस.

त्यानंतर खरा प्रश्न विचार: कटती सोडायला कोणी सांगितले? मुनीमजींनी तुला काय उत्तर दिले ते मला आठवते. त्या अडत्याशी घरोबा असल्यामुळे थोरल्या भावांनीच फोन करून सांगितले होते. आपण तपासलेल्या साठ पावत्यांपैकी नऊ ठिकाणी ओलावा जास्त असून कटती नव्हती. त्यांतल्या सहा ठिकाणी मालकाचा फोन हे कारण मिळाले, उरलेल्या तिन्हींचे कारण कोणालाच आठवत नाही. पत्राचा गाभा या तीन पावत्यांत आहे. सहांमध्ये मालकांनी आपल्या अधिकारात सूट दिली, त्यात काही गैर नाही. मात्र त्या सहा आणि या तीन पावत्या कागदावर अगदी सारख्या दिसतात. फोनचा माग राहत नसल्यामुळे परवानगीने सोडलेली कटती आणि परस्पर सोडलेली कटती यांच्यात फरक करण्याचे साधन कोणाकडेच उरलेले नाही, मालकांकडे नाही, आपल्याकडे नाही, आणि उद्या आळ आला तर निर्दोष मुनीमजींकडेही नाही. "पैसे खाल्ले का" या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे: आम्हाला चोरी आढळलेली नाही, झाली असती तर ती दिसली असती असेही आम्ही म्हणू शकत नाही. आपल्याला जेवढे माहीत आहे तेवढेच हे उत्तर सांगते.

तू विचारलेस की प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले नसताना ही "लक्षणीय कमतरता" कशी? मानक 265 पुन्हा वाच. आपल्या सनदी लेखापालांच्या संस्थेचे हे लेखापरीक्षण मानक याच विषयावर आहे. कमतरतेचे वजन झालेल्या चुकीवरून ठरत नाही. चूक होण्याची शक्यता किती आणि झाली तर तिचा आकार किती, यावरून ठरते. वर्षभरातल्या जवळजवळ साऱ्या खरेदीची वाट एकाच टेबलावरून जाते, म्हणून ही लक्षणीय आहे, आणि लक्षणीय कमतरता लेखीच कळवावी लागते. त्याच पत्रात हेही लिहावे लागते की आपण अंतर्गत नियंत्रणांवर मत देण्यासाठी तपासणी केलेली नाही, ताळेबंदाच्या लेखापरीक्षणाच्या ओघात जे दिसले तेवढेच कळवत आहोत. हा परिच्छेद मालकांना वाचून दाखव, कारण पत्रात जे नाही ते सर्व ठीकच आहे, असा समज करून घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

धाकटा भाऊ हुशार आहे, तो म्हणेल की आमच्यासारख्या खाजगी कंपनीला हे लागूच नाही. तो अर्धा बरोबर आहे. कंपनी कायद्याच्या कलम 143(3)(i) खाली अहवालात अंतर्गत आर्थिक नियंत्रणांवर मत देण्यातून 50 कोटींहून कमी उलाढाल आणि वर्षभर सतत 25 कोटींहून कमी कर्ज असलेल्या खाजगी कंपन्यांना 2017 च्या अधिसूचनेने सूट आहे, फक्त वार्षिक विवरणे वेळेवर दाखल झालेली असावीत. ही कंपनी त्या सुटीत बसते. पण सूट त्या मतापुरती आहे. दिसलेली कमतरता लेखी कळवण्याचे आपले कर्तव्य मानकातून येते आणि तिथे उलाढालीची मर्यादा नाही. हे दोन मिनिटांत सांग आणि पावतीकडे परत ये. कायद्यावर वाद घालत बसलीस तर ते त्यांच्या वकिलाला बोलावतील आणि पावती बाजूला पडेल.

आता मला माझे सांगावे लागेल, कारण त्याशिवाय माझा हट्ट तुला समजणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका जिनिंगच्या कंपनीत मी असाच मुद्दा लिहिला होता: सरकीच्या विक्रीच्या पावत्यांना छापील अनुक्रमांक नव्हते. थोरले भाऊ म्हणाले, "साहेब, हे पत्र बँक मागते. एवढा मुद्दा तोंडीच राहू द्या, आम्ही सुधारतो." मी तो काढला. पुढच्या दोन वर्षीही तोंडीच सांगितला. नंतर भावांची वाटणी निघाली, आणि धाकटे भाऊ माझ्या कार्यालयात येऊन म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होते, मग मला का कळवले नाही? मीही संचालक होतो." मी म्हणालो, मी सांगितले होते. त्यांनी विचारले, कोणाला? मी थोरल्यांना सांगितले होते, त्यांच्या घरी, चहा घेता घेता. मी लपवले नव्हते, फीसाठी दबलो नव्हतो, एका कुटुंबाची अब्रू जपावी एवढाच हेतू होता, हे मी आजही म्हणतो. पण लेखी असते तर ते पत्र सगळ्या संचालकांसमोर गेले असते, आणि धाकट्यांना तीन वर्षे आधी विचारता आले असते. सरकी किती गेली, गेली की नाही, हे पुढे कोणालाच सांगता आले नाही. दोन भावांचा एकमेकांवरचा विश्वास मात्र गेला.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे, "थोडे सौम्य करू का?", उत्तर असे: भाषा हवी तितकी सौम्य कर, मुद्दा काढायचा नाही. मुनीमजींचे नाव पत्रात कुठेही नको, "एकच व्यक्ती" एवढे पुरे. खर्चामुळे सुधारणा करणार नाही असे त्यांनी ठरवले तर तो निर्णय त्यांचा, पण तो त्यांच्या उत्तराच्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत यावा. आणि पुढच्या वर्षी स्थिती तीच असेल तर मुद्दा पुन्हा लिहिला जाईल, हे आताच सांगून ठेव.

शिफारशीत तू चार नवीन माणसे नेमायला लिहिले आहेस, ते वाचून मला राग आला. अख्ख्या कार्यालयात चार माणसे असलेल्या मिलला हे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. लहान कंपनीत मालकाची स्वतःची नजर हेच मोठे नियंत्रण असते आणि मालकाचा फोन हीच मोठी पळवाट असते, म्हणून शिफारस मालकासाठीच लिही. काटापावतीला सलग छापील क्रमांक असावा आणि ओलावा पेन्सिलने मागे न लिहिता पुढच्या रकान्यात पेनने लिहावा. कटती सोडायची तर मालकाने फोनऐवजी व्हॉट्सॲपवर पावती क्रमांकासह एक ओळ लिहावी, तिची प्रत बिलाला जोडावी. ओटीपीचा मोबाइल मालकाच्याच खिशात राहावा. आणि दर शनिवारी धाकट्या भावाने बँकेतून थेट आलेला उतारा आणि आठवड्याच्या पावत्यांची यादी समोर ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात: कोणता क्रमांक मध्येच गायब आहे, आणि कुठे ओलावा 12 च्या वर असून कटती शून्य आहे. यात पगार कोणाचा वाढत नाही. मुनीमजी तिथेच राहतात, फक्त त्यांच्यावरचे एकट्याचे ओझे उतरते, आणि हे त्यांच्यासमोर सांगितलेस तर तेही तुझ्या बाजूने बोलतील असा माझा अनुभव आहे.

जाताना त्या पावतीच्या, बिलाच्या आणि बँक नोंदीच्या प्रती एकत्र टाचून तीन संच ने. दोन भावांचे दोन, आणि तिसरा आईंच्या हातात दे. त्याही संचालिका आहेत, आणि परवा त्यांना कोणी पत्र दाखवलेदेखील नाही. शिफारशीचा नवा मसुदा गुरुवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
सर